३०पैकी २७ गुण, आणि जखमेवर दूषित गॉझ: ड्रेसिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेची चेकलिस्ट पुन्हा लिहिताना

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एका विभागाने दोन स्टेशन्स आखली होती. पहिल्यावर हात स्वच्छ करायचे. दुसऱ्यावर मॅनिकिनच्या पोटावरची टाके घातलेली, कोरडी, स्वच्छ जखम निर्जंतुक पद्धतीने ड्रेस करायची. दोन्हींच्या चेकलिस्ट तयार होत्या आणि परीक्षेआधी त्या तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले. विभागाने एक गोष्ट फार शहाणपणाने केली होती. वरच्या वर्गातल्या काही विद्यार्थिनींना बोलावून रंगीत तालीम घेतली होती, तिचे चित्रीकरण केले होते आणि प्रत्येकीला दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे गुण दिले होते. नुसते कागद हातात आले असते तर त्यातला मुख्य दोष मला दिसलाच नसता. तो दिसला दोन विद्यार्थिनींच्या चित्रीकरणात.

पहिलीचे काम सफाईदार होते. ओळख सांगितली, पडदा ओढला, ट्रे मांडला, निर्जंतुक हातमोजे नीट चढवले, जखम पुसली. मग त्याच हातमोज्यांनी तिने बाजूच्या ट्रॉलीवरचा चिकटपट्टीचा रोल उचलला, तुकडा कापून ट्रॉलीच्या कडेला लावून ठेवला आणि पुन्हा निर्जंतुक ट्रेमधून गॉझ उचलून जखमेवर ठेवला. रोल निर्जंतुक नव्हता. तो किती जणांच्या हातून गेला असेल कोण जाणे. तिला एका परीक्षकाने ३०पैकी २७ गुण दिले, दुसऱ्या परीक्षक मॅडमनी २६.

दुसरी विद्यार्थिनी जरा हळू होती. जखम पुसण्याआधी तिच्या हातमोज्याला चादर लागली. ती थांबली, म्हणाली, “माझा हातमोजा चादरीला लागला, मी बदलते.” टेबलावर दुसरी जोडी नव्हती. मदतनीसाला कपाट उघडून ती आणावी लागली. हात स्वच्छ करून तिने नवी जोडी घातली आणि पुढचे काम व्यवस्थित केले, पण ट्रे आवरणे आणि नोंद लिहिणे व्हायच्या आत १० मिनिटे संपली. तिला २४.

गुण मांडून झाल्यावर त्या मॅडम म्हणाल्या, “माझ्या वॉर्डात मी दुसरीला एकटीला ड्रेसिंगला पाठवीन. पहिलीला नाही. पण माझा कागद उलटं सांगतोय.” प्रकरण एवढेच होते. कागद उलटे का सांगत होता, ते शोधायचे होते.

जुन्या यादीत काय होते

यादीत ३० ओळी, प्रत्येकीला एक गुण, ‘केले’ किंवा ‘केले नाही’. मी त्या ओळी गटांत मोजल्या. रुग्णाशी बोलणे आणि तयारी यांच्या ११ ओळी होत्या: ओळख, संमती, पडदा, पलंगाची उंची, साहित्य जमवणे वगैरे. प्रत्यक्ष ड्रेसिंगच्या पायऱ्या १२. आवराआवर आणि नोंदीच्या ६. आणि एकच ओळ अशी: ‘संपूर्ण प्रक्रियेत निर्जंतुकता राखली.’

उत्तीर्ण व्हायला निम्मे, म्हणजे १५ गुण लागत होते. पहिल्या आणि शेवटच्या गटाचीच बेरीज १७ होते. म्हणजे ड्रेसिंगची एकही पायरी धड न करता कोणी या स्टेशनवर पास होऊ शकले असते. पहिल्या विद्यार्थिनीचे २७ आणि २६ यांतला फरक त्या एकाच निर्जंतुकतेच्या ओळीचा होता. एका परीक्षकाने रोलची घटना पाहून फुली मारली. दुसऱ्याने ती पाहिली होती, पण ‘एकूण’ निर्जंतुकता ठीक होती असे मानून बरोबरची खूण केली. दोघांनाही दोष देता येत नाही. १० मिनिटांच्या कामावर एक शब्द टिपायला सांगितले, तर प्रत्येक जण आपल्या मनातल्या सरासरीवर टिपणार. आणि फुली मारली तरी जखम दूषित झाल्याची किंमत पडदा न ओढण्याइतकीच, एक गुण.

दुसरीचे ६ गुण कुठे गेले पाहा. शेवटच्या ५ ओळी वेळेअभावी राहिल्या आणि निर्जंतुकतेच्या ओळीवर फुली बसली, कारण हातमोजा चादरीला लागला होता हे खरेच होते. तिने ते ओळखले आणि दुरुस्त केले, याला कागदावर जागाच नव्हती.

याचे मूळ यादी कशी लिहिली गेली यात आहे. पाठ्यपुस्तकातली कृती समोर ठेवून तिची प्रत्येक पायरी एक ओळ केली होती, आणि सगळीकडे असेच होते. पण दूषण ही पायरी नव्हे. ते चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधे घडते, किंवा सगळ्या पायऱ्या बरोबर क्रमाने चालू असताना कोपर ट्रेवरून जाते तेव्हा घडते. पायऱ्यांची यादी कितीही बारीक केली तरी ते तिच्या फटीतून निसटतेच. उलट यादी जितकी लांब, तितका परीक्षक कागदात जास्त डोके घालतो आणि हातांकडे कमी पाहतो.

हात स्वच्छ करण्याचे स्टेशन

पहिल्या स्टेशनचा दोष वेगळ्या जातीचा होता. तिथे पायऱ्यांची यादी चालते, कारण कृती छोटी आणि ठरलेली आहे. पण ओळी अशा होत्या: ‘सर्व पायऱ्या योग्य क्रमाने केल्या, ५ गुण.’ या एका ओळीत पायऱ्या आणि क्रम या दोन गोष्टी अडकलेल्या आहेत आणि पाचपैकी तीन कधी द्यायचे हे परीक्षकाच्या मर्जीवर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांतला क्रम सगळ्यांना पाठ असतो: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची पाठ, अंगठे, बोटांची टोके. क्रम लक्षात राहावा म्हणून आहे. गुण त्वचेचा प्रत्येक भाग घासला जाण्याला हवेत. टोकांआधी अंगठे की अंगठ्यांआधी टोके, याने हातावरच्या जंतूंना काही फरक पडत नाही. म्हणून क्रम काढून टाकला आणि सहा भागांच्या सहा ओळी केल्या, प्रत्येकीत ‘दोन्ही हात’ हे शब्द. उजव्या हाताने काम करणारे डाव्या हाताचा अंगठा छान घासतात आणि उजव्याला विसरतात. ‘दोन्ही’ नसेल तर परीक्षक अर्ध्या कामाला पूर्ण खूण देतो.

अंगठ्याची ओळ दोनदा बदलावी लागली. पहिल्यांदा लिहिले, ‘दोन्ही अंगठे घासले.’ मग विभागाने अतिनील दिव्याखाली चमकणारा द्रव मिसळलेला हँडरब वापरून काही जणींची तपासणी केली. परीक्षकांनी अंगठ्याला खूण केलेल्या काही हातांवर अंगठ्याचे मूळ काळेच राहिलेले दिसले. नुसता स्पर्श झाला होता. ओळ झाली, ‘दोन्ही अंगठे आळीपाळीने मुठीत धरून, मुळापर्यंत, गोल फिरवत घासले.’ आता परीक्षकाला नेमके काय पाहायचे ते कळते. हा दिवा वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: हँडरबमध्ये द्रव मिसळला असेल तर जे चमकते तिथे हात पोहोचला, आधी द्रव चोळून मग साबणाने धुतले असेल तर जे चमकते ते राहून गेले. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच टेबलावर वापरले की गोंधळ ठरलेलाच.

वेळेची ओळ तर सरळ चुकीची होती: ‘४० ते ६० सेकंद साबणाने घासले.’ हा आकडा हात ओले करण्यापासून पुसून कोरडे होईपर्यंतच्या पूर्ण कृतीचा आहे. अल्कोहोलच्या हँडरबसाठी तो २० ते ३० सेकंद. शिवाय ७० सेकंद घेणाऱ्या विद्यार्थिनीचा गुण या ओळीने कापला असता. आम्ही फक्त खालची मर्यादा ठेवली आणि घड्याळ केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबवायचे तेही ओळीतच लिहिले: हँडरब तळव्यावर पडल्यापासून हात कोरडे होईपर्यंत, किमान २० सेकंद. ‘कोरडे’ महत्त्वाचे आहे, कारण ओल्या हातावर हातमोजा नीट चढत नाही आणि घाईत हवेत हात झटकायची सवय इथेच लागते.

साबण की हँडरब हे विद्यार्थिनीने ठरवायचे, तर दारावरच्या सूचनेत हात कसे दिसतात ते सांगायलाच हवे. जुन्या सूचनेत फक्त ‘हातांची स्वच्छता करा’ होते आणि टेबलावर दोन्ही ठेवलेले. जिने साबण निवडला तिचा गुण जाईल का? परीक्षकांनाच माहीत नव्हते. नवी सूचना: ‘तुमचे हात डोळ्यांना स्वच्छ दिसत आहेत. रुग्णाला तपासण्याआधी हात स्वच्छ करा.’ इथे हँडरब अपेक्षित. हातावर रक्त किंवा मळ दिसत असेल तर साबण-पाणीच हवे. ते तपासायचे असेल तर सूचनेत तसे लिहावे.

ड्रेसिंगच्या स्टेशनवर हात पुन्हा का

दुसऱ्या स्टेशनच्या जुन्या यादीत हात धुण्याच्या सहा पायऱ्या पुन्हा होत्या. म्हणजे अंगठा विसरणारी दोन ठिकाणी गुण गमावणार आणि परीक्षक तोच हात दोनदा मोजणार. इथे पद्धत तपासायची नाही असे ठरले. तपासायचे ते एवढेच, की योग्य क्षणी हात स्वच्छ केले का.

ड्रेसिंगमध्ये असे चार क्षण येतात: रुग्णाला हात लावण्याआधी, जुने ड्रेसिंग काढून मळलेले हातमोजे टाकल्यावर आणि निर्जंतुक हातमोजे घालण्याआधी, सगळे संपून हातमोजे काढल्यावर, आणि रुग्णाजवळच्या वस्तू आवरून निघताना. सगळ्यात जास्त सुटतो तो दुसरा. विद्यार्थिनीला वाटते, हातमोजे तर होतेच, हात कुठे मळले? पण हातमोजे काढताना हात मळतात आणि हातमोज्याला न दिसणारे भोक असू शकते. याच हातांनी पुढच्या क्षणी निर्जंतुक हातमोज्याची घडी धरायची असते. या चार क्षणांना चार ओळी मिळाल्या.

मग प्रश्न आला, खरोखर हात स्वच्छ करायचे की “मी हात स्वच्छ करते” असे म्हटलेले चालेल? जुन्या यादीत तोंडी चालत होते, कारण वेळ वाचतो. मला ते पटले नाही. तोंडी सांगणे म्हणजे पाठांतराची परीक्षा, आणि सवय बिघडवणारी. पण खरे करायचे तर हिशेब द्यावा लागतो: चार वेळा, दर वेळी ३० सेकंदांपर्यंत, म्हणजे २ मिनिटे फक्त हातांवर. १० मिनिटांचे स्टेशन १२ मिनिटांचे झाले. शेजारच्या स्टेशनांना ते अडचणीचे होते, कारण घंटा सगळ्यांची एकच वाजते. वेळापत्रक करणाऱ्यांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. शेवटी दोन स्टेशन्स जोडून घेतली.

पायऱ्या कमी, नजर जास्त

३० ओळींच्या २२ झाल्या. बोलणे-तयारीच्या ११ ओळी चारवर आल्या, आवराआवरीच्या दोन राहिल्या. उरलेली जागा हातांच्या चार क्षणांना, निर्जंतुक जागा तयार करण्याला, जुने ड्रेसिंग काढून जखम पाहण्याला आणि पुसण्याला गेली.

इथे दोन परीक्षकांचा वाद उपयोगी पडला. एक सर फोर्सेप्सने ड्रेसिंग करणाऱ्या रुग्णालयात वाढलेले, मॅडम निर्जंतुक हातमोज्यांनी करणाऱ्या. जुन्या यादीत ‘फोर्सेप्सने गॉझ उचलला’ अशी ओळ होती. हातमोज्यांनी उचलणारीचा गुण जाणार. दोघांनाही मान्य होईल अशी ओळ साधने बाजूला ठेवून तत्त्वावर लिहावी लागली: ‘जखमेला आणि जखमेला लागणाऱ्या गॉझच्या बाजूला फक्त निर्जंतुक वस्तूच लागली.’ नेमका कोणता भाग दूषित होऊ द्यायचा नाही हे सांगितले की फोर्सेप्स की हातमोजे हा वाद आपोआप मिटतो.

‘जखम योग्य दिशेने पुसली’ या ओळीचेही तसेच. योग्य म्हणजे काय? ‘मध्यातून बाहेर’ हे गोल जखमेला लागू पडते. आमची जखम होती सरळ रेषेतली, टाक्यांची. तिथे आधी टाक्यांच्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग एका बाजूची त्वचा, मग दुसऱ्या बाजूची. त्याच्या दोन ओळी झाल्या: स्वच्छ भागाकडून कमी स्वच्छ भागाकडे, आणि एक बोळा, एक फटकारा, लगेच टाकून दिला. दुसरी ओळ परीक्षकाला मोजता येते. पहिलीसाठी दिशा दाखवणारी साधी आकृती कागदावरच छापली.

काही ओळी चांगल्या असूनही काढाव्या लागल्या, कारण त्या खुर्चीवरून दिसत नव्हत्या. निर्जंतुक कापडाची कडेची २.५ सेंटिमीटर पट्टी दूषित धरतात, साहित्य तिच्या आत टाकायचे असते. पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या परीक्षकाला ही पट्टी कशी दिसणार? इथे मात्र ओळ काढली नाही, खुर्ची हलवली: विद्यार्थिनीच्या समोर तिरकस, ट्रॉलीच्या बाजूला. आणि कापडावर फिकट रेघ आखायची सूचना कोणीतरी केली ती नाकारली, कारण मग तीच रेघ विद्यार्थिनीलाही उत्तर सांगते.

दूषणाची चौकट

मुख्य बदल हा. २२ ओळींच्या खाली एक वेगळी चौकट, बेरजेत न धरलेली. परीक्षकाने तिच्यात लिहायचे: दूषण घडले का, घडले तर कशाला काय लागले, एका वाक्यात, विद्यार्थिनीने ओळखले का, सुधारले का.

घडलेच नाही, किंवा घडले पण ओळखून सुधारले, हे दोन्ही समान धरायचे. इथे बैठकीत बराच वेळ गेला. काहींचे म्हणणे, चूक ती चूकच, थोडे तरी गुण कापावेत. पण मग विद्यार्थिनी काय शिकेल? चादर लागली हे फक्त तिलाच कळले असेल तर गप्प राहणे फायद्याचे ठरेल. कापलेला एक गुण तिला लपवायला शिकवील. म्हणून कापायचे नाही.

ओळखले नाही, किंवा ओळखून पुढे रेटले, आणि ती दूषित वस्तू जखमेपर्यंत किंवा जखमेला लागणाऱ्या गॉझपर्यंत पोहोचली, तर बेरीज काहीही असो, स्टेशन अनुत्तीर्ण. पोहोचली नाही तर नोंद होते, पण स्टेशन जात नाही. एवढा मोठा परिणाम एका माणसाच्या नजरेवर सोडायचा म्हणून ते एक वाक्य सक्तीचे: ‘उजव्या हातमोज्याने चिकटपट्टीचा रोल धरला, मग त्याच हाताने गॉझ ठेवला.’ असे लिहिता येत नसेल, ‘एकंदर निष्काळजी’ असेच सुचत असेल, तर चौकट रिकामी ठेवायची.

या चौकटीने टेबलावरचे साहित्यही बदलले. सुधारण्याला किंमत असेल तर सुधारायची सोय हवी. जुन्या साहित्ययादीत हातमोज्यांची एकच जोडी होती, आणि दुसऱ्या विद्यार्थिनीची वेळ तिथेच गेली. आता प्रत्येक उमेदवारासाठी हातमोज्यांची जादा जोडी आणि गॉझचे जादा पाकीट हाताशी असते, आणि ते तिथे आहे हे सगळ्यांना आधी सांगितलेले असते. परीक्षकाने “नक्की ना?” किंवा “आणखी काही?” असे विचारायचे नाही. चेहराही शक्यतो सरळ ठेवायचा, जे काहींना फार अवघड जाते.

मग जुनीच चित्रीकरणे नव्या यादीवर तपासली. हात स्वच्छ केल्याचे जिथे तोंडी सांगितले होते ते तेवढ्यापुरते धरले. पहिलीला २२पैकी २०, दुसरीला १९. म्हणजे बेरजेत पहिली अजूनही पुढेच! गंमत वाटली, पण ते अपेक्षितही होते: पायऱ्या तिने खरोखरच चांगल्या केल्या होत्या. निकाल बदलला तो चौकटीने. दोन्ही परीक्षकांनी तिथे रोलबद्दल जवळपास तेच वाक्य लिहिले होते.

उत्तीर्णतेची रेषाही निम्म्यावरून हलली. आता परीक्षक बेरीज करण्याआधी एक ठोक मत नोंदवतो: स्पष्ट अनुत्तीर्ण, काठावर, उत्तीर्ण, चांगली, उत्कृष्ट. परीक्षेनंतर या मतांशी गुणांचा आलेख जुळवून ‘काठावर’च्या जागी जो गुण येतो ती रेषा. ही पद्धत बऱ्यापैकी मोठी तुकडी असेल तरच भरवशाची. मूठभर उमेदवारांत मत आणि गुण यांची एखादी विचित्र जोडी रेषा कुठेही ओढून नेते, आणि तेव्हा काठावरच्या विद्यार्थिनीला कोणता गुण मिळेल याचा अंदाज परीक्षकांनी आधीच बसून ओळीओळीने ठरवणे बरे.

रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली स्टेशनांची ही परीक्षा मांडली तेव्हापासून तिचा दावा एकच आहे: सगळ्यांना सारखेच काम. म्हणून शेवटी एक तिसरा कागद जोडला, मदतनीसासाठी. प्रत्येक उमेदवारानंतर मॅनिकिनवर जुने ड्रेसिंग पुन्हा लावायचे, ते दर वेळी सारखेच किंचित चिकटलेले; हँडरबची बाटली दाबून पाहायची, नीट येते की नाही; जादा हातमोजे आणि गॉझ मोजायचे; वापरलेला रोल दर वेळी त्याच जागी, ट्रेपासून हातभर दूर. रोल ट्रेला खेटून ठेवला तर त्याला हात लागायचा मोह वाढतो, आणि मग एका विद्यार्थिनीचे स्टेशन दुसरीच्या स्टेशनपेक्षा अवघड होते.